ऑफिसची ये-जा: स्वतःची गाडी, कॅब की पीएमपी? महिन्याचा हिशेब असा मांडा

पुण्यात नवी नोकरी लागली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत हा प्रश्न येतोच: गाडी घ्यावी का, कॅबने जावं, की बसची सवय लावून घ्यावी? बहुतेक जण उत्तर अंदाजाने ठरवतात. पेट्रोलला पाच-सहा हजार लागतील, कॅब महाग पडेल, बस स्वस्त आहे. तिन्ही वाक्यं ढोबळमानाने खरी आहेत, पण त्यांवर आठ लाखांची गाडी घेणं धोक्याचं आहे. हा हिशेब एका संध्याकाळी वही घेऊन बसलं तर नीट होतो. इथे तो कोथरूड डेपो ते खराडी या मार्गावर करून दाखवला आहे. दोन्ही टोकं पुणे महापालिकेच्या हद्दीत आहेत, अंतर एका बाजूने सुमारे १८ किलोमीटर धरलं आहे. तुमचा मार्ग वेगळा असेल तर आकडे बदला, पद्धत तीच ठेवा.

पायरी १: दिवस आणि किलोमीटर

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. लोक महिन्याला ३० नाहीतर २६ दिवस धरतात. पाच दिवसांच्या आठवड्यात शनिवार-रविवार, सण आणि रजा वगळून ऑफिसला जाण्याचे दिवस फार तर २१-२२ भरतात. आठवड्यातून तीनच दिवस जायचं असेल तर १३. गेल्या तीन महिन्यांची हजेरी काढा आणि सरासरी घ्या, मनातल्या मनात ठरवू नका. या एका आकड्यावर पुढे कॅब आणि गाडीचा निकाल उलटतो, म्हणून तो खरा असला पाहिजे.

अंतर नकाशावरून न घेता एकदा प्रत्यक्ष जाऊन ओडोमीटरवर बघा. कर्वे रस्त्याने जाताना आणि येताना मार्ग सारखा नसतो. एकेरी रस्ते आणि वळसे यांमुळे एक-दोन किलोमीटरचा फरक पडतो. आपल्या उदाहरणात रोज ३६ किलोमीटर आणि २२ दिवस, म्हणजे महिन्याला ७९२ किलोमीटर.

पायरी २: पेट्रोल, म्हणजे खरं अ‍ॅव्हरेज

कंपनीच्या जाहिरातीत लिटरला २२-२४ किलोमीटर लिहिलेलं असतं. ते चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतलं असतं, नगर रस्त्यावरच्या संध्याकाळी सातच्या गर्दीतलं नव्हे. तुमच्या गाडीचं, तुमच्या रस्त्यावरचं अ‍ॅव्हरेज काढायचं असेल तर टाकी फुल करून मोजा.

पंपावर ऑटो-कट होईपर्यंत टाकी भरा. नोझल आपोआप बंद झाली की तिथेच थांबा, 'रुपये पूर्ण करून देतो' म्हटलं तरी वरून आणखी टाकू देऊ नका. ट्रिप मीटर शून्य करा. तीनशे ते चारशे किलोमीटर फक्त नेहमीसारखी गाडी चालवा, मध्ये लोणावळ्याची फेरी नको, कारण हायवेचं अ‍ॅव्हरेज मिसळलं की शहराचा आकडा बिघडतो. मग त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोझलवर, पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरा. ट्रिप मीटरचे किलोमीटर भागिले या वेळी बसलेले लिटर, हे तुमचं अ‍ॅव्हरेज. एकदा मोजून विश्वास ठेवू नका, दोनदा मोजा. दोन आकड्यांत एक किलोमीटरपेक्षा जास्त फरक आला तर कुठेतरी टाकी कमी-जास्त भरली गेली आहे, तिसऱ्यांदा मोजा.

पाचशेचं, हजाराचं पेट्रोल टाकत राहणाऱ्यांना अ‍ॅव्हरेज कधीच कळत नाही, कारण टाकीत आधी किती होतं हे माहीत नसतं. डॅशबोर्डवरचा आकडाही बऱ्याच गाड्यांत प्रत्यक्षापेक्षा थोडा चढा असतो. तो दोन दिवसांची तुलना करायला चालतो, पैशांच्या हिशेबाला नाही.

छोट्या पेट्रोल हॅचबॅकला पुण्याच्या गर्दीत एसी लावून लिटरला १२ ते १४ मिळणं नेहमीचं आहे. आपण १३ धरू. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरू. ७९२ भागिले १३, म्हणजे सुमारे ६१ लिटर, आणि त्याचे ६,३३६ रुपये. प्रति किलोमीटर ८ रुपये. 

अ‍ॅव्हरेज एकाएकी कमी झालं तर आधी टायरमधली हवा बघा. हवा कमी असेल तर टायर रस्त्यावर जास्त घासतो आणि इंजिनाला जास्त ओढ लागते. मग एअर फिल्टर. ही दोन्ही कारणं नसतील तर बहुधा रस्ताच बदललेला असतो: नवं खोदकाम, बंद झालेली लेन, वाढलेला सिग्नल. सिग्नलवर एसी लावून उभ्या असलेल्या गाडीचं मीटर हलत नाही, पण पेट्रोल जळतच असतं.

पायरी ३: पेट्रोलपलीकडचा खर्च

इथे स्वतःला एक प्रश्न विचारा: गाडी घरात आधीच आहे, की ऑफिससाठी घ्यायची आहे? दोन्हींचा हिशेब वेगळा आहे. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळल्यामुळे 'गाडी परवडते' आणि 'गाडी परवडत नाही' असं म्हणणारे दोघेही आपापल्या जागी बरोबर ठरतात.

गाडी आधीच असेल, घरच्यांसाठी ठेवायचीच असेल, तर विमा आणि घटणारी किंमत तुम्ही बसने गेलात तरी चुकत नाही. मग फक्त चालवल्यामुळे वाढणारा खर्च धरा. पेट्रोल ६,३३६. सर्व्हिसिंग वर्षाला ७,००० धरलं तर महिन्याला ५८३. टायर: चार टायरचा संच २०,००० रुपये आणि तो ४५,००० किलोमीटर चालला असं धरलं तर किलोमीटरला ४४ पैसे, महिन्याला ३५२. एकूण सुमारे ७,२७०. ऑफिसमध्ये पार्किंगला पैसे पडत असतील तर ते यात मिळवा. पार्किंग फुकट आहे असं समजण्याआधी एचआरला नक्की विचारा. बऱ्याच आयटी पार्कांत कंपनीच्या वाट्याला मोजक्याच जागा असतात आणि नव्या माणसाला बाहेरच्या पे-अँड-पार्कवर जावं लागतं.

गाडी ऑफिससाठीच घ्यायची असेल तर तीन मोठ्या रकमा आणखी येतात.

पहिली, घटणारी किंमत. विम्यात गाडीची किंमत ठरवताना एक ठरलेली घट वापरतात: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. प्रत्यक्ष विकताना बाजारात थोडं कमी-जास्त मिळेल, पण हिशेबाला हा तक्ता पुरेसा आहे. आठ लाखांची गाडी पाच वर्षांनी चार लाखांची. गेलेले चार लाख भागिले ६० महिने, म्हणजे महिन्याला ६,६६७ रुपये. हे पैसे रोज खिशातून जात नाहीत, म्हणून ते कुणी लिहीत नाही. पण पेट्रोलपेक्षाही मोठी रक्कम हीच आहे.

दुसरी, कर्जावरचं व्याज. सहा लाख, ९ टक्के, पाच वर्षं, असा हप्ता सुमारे १२,४५५ रुपये येतो. इथे एक चूक हमखास होते. लोक पूर्ण हप्ता खर्चात धरतात आणि वर घटणारी किंमतही धरतात. हप्त्यातलं मुद्दल म्हणजे गाडीचीच किंमत, ती घटीमध्ये एकदा मोजली आहे. म्हणून हप्त्यातलं फक्त व्याज घ्या: पाच वर्षांत सुमारे १,४७,३०० रुपये, महिन्याला २,४५५. गाडी रोख घेतली तरी ही रक्कम शून्य होत नाही, कारण ते पैसे ठेवीत असते तर त्यांवर व्याज मिळालं असतं. रोखीने घेणाऱ्याने ठेवीचा दर लावावा.

तिसरी, विमा. वर्षाला १५,००० धरले तर महिन्याला १,२५०. विमा पहिल्या वर्षी जास्त महाग पडतो, पुढे क्लेम न केल्याची सवलत मिळत जाते.

या तिन्हींची बेरीज १०,३७२. त्यात चालवण्याचे ७,२७० मिळवले की १७,६४२. पेट्रोलला सहा हजार लागतात असं म्हणणाऱ्याचा पुरा खर्च जवळजवळ तिप्पट निघतो.

ऑफिसबरोबर तीच गाडी शनिवार-रविवारीही वापरत असाल तर पूर्ण १०,३७२ ऑफिसच्या माथी मारू नका. महिन्याच्या एकूण किलोमीटरांपैकी ऑफिसचे किती, त्या प्रमाणात वाटा. एकूण ११०० किलोमीटर होत असतील तर ऑफिसचा वाटा ७२ टक्के, म्हणजे सुमारे ७,४७० रुपये.

पायरी ४: कॅब आणि रिक्षा

अ‍ॅपवरचं भाडं तासागणिक बदलतं, म्हणून आधी एक पक्का पाया हवा. पुण्यात प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने ठरवलेला मीटरचा दर तो पाया देतो. एसी कॅबसाठी जानेवारी २०२४ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये. रिक्षासाठी सप्टेंबर २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७. दर सुधारले गेले की हेच आकडे बदलून घ्यायचे.

१८ किलोमीटरमधून दीड वजा करा, उरले साडेसोळा. कॅबचे ३७ अधिक ४१२.५०, म्हणजे ४५० रुपये. रिक्षाचे २५ अधिक २८०.५०, म्हणजे ३०६ रुपये. महिन्याच्या ४४ फेऱ्यांना कॅब १९,८००, रिक्षा १३,४६४.

आता अ‍ॅप. आठवडाभर रोज तुमच्या निघण्याच्या वेळी दोन अ‍ॅपांवर भाडं बघून लिहून ठेवा, बुक करू नका. सकाळ आणि संध्याकाळ वेगळी लिहा. सोमवारची सकाळ, शुक्रवारची संध्याकाळ आणि पावसाचा एखादा दिवस त्यात आला पाहिजे, नाहीतर सरासरी फसवी येते. अ‍ॅपवर कॅब देणाऱ्या कंपन्यांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०२५ च्या अ‍ॅग्रिगेटर धोरणात मागणी वाढल्यावर मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंतच भाडं वाढवण्याची मर्यादा आहे. म्हणजे आपल्या मार्गावर वाईटातला वाईट दिवस ६७५ रुपये धरून ठेवावा.

खर्च फुगतो तो रद्द होणाऱ्या बुकिंगमुळे. चालक आधी 'कुठे जायचंय' विचारतो, मग येत नाही. तोवर दहा मिनिटं गेलेली असतात, नवं बुकिंग वाढीव भाड्याने मिळतं. आपण वैतागून रद्द केलं तर शुल्कही आपल्याच माथी येऊ शकतं. म्हणून चालक हलत नसेल तर त्यालाच रद्द करायला सांगा आणि नकाशावर गाडी जागची हलत नसल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. रिक्षा अ‍ॅपवर बोलावली तरी बसण्याआधी एक वाक्य विचारून घ्या: अ‍ॅपचे पैसे घेणार की मीटरचे? हे न विचारल्यामुळे खराडीला उतरताना वाद होतात. मीटर म्हणाला तर बसल्यावर मीटर २५ पासून सुरू झालं ना, एवढं बघा.

पायरी ५: पीएमपी

१ जून २०२५ पासून पीएमपीचं भाडं पाच-पाच किलोमीटरच्या टप्प्यांवर आहे. पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये, १० पर्यंत २०, १५ पर्यंत ३०, २० पर्यंत ४०. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीत दिवसभराचा पास ७० रुपये, महिन्याचा १,५०० रुपये.

आपल्या मार्गाला एका बाजूचे ४० लागतात. सुटी तिकिटं काढली तर महिन्याला १,७६०. रोज दिवसाचा पास घेतला तर १,५४०. महिन्याचा पास १,५००. तिन्ही इतके जवळ आहेत की डोळे मिटून मासिक पास काढण्यात अर्थ नाही. १,५०० भागिले ७० करून बघा: २१.४. म्हणजे महिन्यात २२ दिवस गेलात तरच मासिक पास फायद्याचा. एक रजा पडली तरी दिवसाचा पास बरा. आणि १५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला थेट बस असेल तर मासिक पास तोट्याचाच आहे, कारण रोजचे ६० गुणिले २२ म्हणजे १,३२० होतात.

बस बदलावी लागत असेल तर चित्र उलटं होतं. प्रत्येक बसचं तिकीट नव्याने निघतं, आणि टप्पाही नव्याने सुरू होतो. समजा पहिली बस ६ किलोमीटरची, तिचे २०, दुसरी १२ किलोमीटरची, तिचे ३०. अंतर तेच १८, पण एका बाजूचे ५० झाले, दिवसाचे १००. इथे ७० चा पास सकाळी पहिल्याच बसमध्ये घ्यायचा. दुपारी एखाद्या कामाला बाहेर पडलात तर त्या फेऱ्याही त्यातच येतात.

ऑफिस हद्दीबाहेर असेल तर पास काढताना काळजी घ्या. हिंजवडीचंच बघा: तिथल्या लोकांनी कोणता पास चालतो हे पास केंद्रावर विचारूनच पैसे द्यावेत, पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर क्षेत्राचा दिवसाचा पास वेगळा, १५० रुपयांचा आहे.

बसच्या हिशेबातली न दिसणारी रक्कम म्हणजे थांब्यापासूनचं शेवटचं अंतर. खराडीत मुख्य रस्त्यावर उतरून आत ऑफिसपर्यंत दीड किलोमीटर असेल आणि रोज दोन्ही वेळा रिक्षा केली, तर किमान भाड्याचे २५ गुणिले ४४ म्हणजे १,१०० रुपये. पासाच्या दोन-तृतीयांशाहून जास्त. मग बस १,५४० ची न राहता २,६४० ची होते. म्हणून मार्ग निवडताना सर्वांत जलद बसपेक्षा ऑफिसच्या दाराजवळ सोडणारी बस बघा. 'आपली पीएमपीएमएल' अ‍ॅपवर बस कुठे आहे हे दिसतं, तिकीट आणि पासही काढता येतो. पण पहिले चार-पाच दिवस अ‍ॅपवरची वेळ आणि प्रत्यक्ष आलेली बस यांतला फरक लिहून ठेवा. तुमच्या थांब्यावर नेमकं किती आधी उभं राहायचं हे त्यातूनच कळेल.

वनाज ते रामवाडी मेट्रोही याच दिशेने जाते. रामवाडीहून पुढे खराडीपर्यंत बस किंवा रिक्षा. तो पर्याय बघायचा असेल तर मेट्रोचं भाडं आणि पुढच्या वाहनाचं भाडं असे दोन्ही मिळवून इथल्याच पद्धतीने मांडा.

पायरी ६: आकडे शेजारी ठेवा

२२ दिवसांसाठी, ३६ किलोमीटर रोज:

| पर्याय | महिन्याचा खर्च |
|---|---|
| बस, दिवसाचा पास | १,५४० |
| बस आणि शेवटची रिक्षा | २,६४० |
| घरातली गाडी, फक्त चालवण्याचा खर्च | ७,२७० |
| रिक्षा, मीटरने | १३,४६४ |
| ऑफिससाठी घेतलेली नवी गाडी | १७,६४२ |
| एसी कॅब, मीटरने | १९,८०० |

आता पायरी १ मधला दिवसांचा आकडा इथे लावा. नव्या गाडीचा विमा, घट, व्याज आणि वार्षिक सर्व्हिसिंग मिळून सुमारे १०,९५५ रुपये, तुम्ही एक दिवस गेलात किंवा बावीस दिवस, तेवढेच लागतात. त्यावर दर दिवशी पेट्रोल आणि टायरचे सुमारे ३०४. कॅबला दर दिवशी ९००, पण जो दिवस गेलात त्याच दिवसाचे. दोन्हींतला रोजचा फरक ५९६. १०,९५५ भागिले ५९६ म्हणजे १८.४. महिन्याला १८ किंवा त्याहून कमी दिवस ऑफिसला जाणाऱ्याला, केवळ ऑफिससाठी गाडी घेण्यापेक्षा कॅब स्वस्त पडते. १३ दिवसांना कॅब ११,७०० आणि नवी गाडी जवळजवळ १४,९००. तेवढ्याच दिवसांना बस ९१० मध्ये होते.

बहुतेकांना एकच पर्याय महिनाभर झेपत नाही, आणि तसा हट्ट धरायचं कारणही नाही. समजा महिन्यातल्या सहा संध्याकाळी काम लांबतं आणि बसची वाट बघणं नको वाटतं. मग १६ दिवस दिवसाचा पास, १,१२० रुपये. सहा दिवस सकाळी बसचं सुटं तिकीट, २४०. त्या सहा संध्याकाळी कॅब, २,७००. एकूण ४,०६०. सहाही दिवस भाडं दीडपट लागलं तरी ५,४१०. घरात उभ्या असलेल्या गाडीच्या नुसत्या पेट्रोलपेक्षा हे कमी आहे. इथे मासिक पास काढू नका. सहा दिवस संध्याकाळची बस सुटते, त्यामुळे १,५०० वसूल होत नाहीत.

गाडीच हवी असेल आणि त्याच सोसायटीतलं, त्याच वेळेचं कुणी बरोबर असेल, तर आळीपाळीने दोघांच्या गाड्या काढा. प्रत्येकाचं पेट्रोल निम्मं, ३,१६८ वर येतं. पण आधी दोन आठवडे दोघांच्या निघण्याच्या वेळा लिहून बघा. रोज वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडत असेल तर ही जोडी महिनाभर टिकत नाही, आणि मधल्या दिवसांना ऐनवेळी वाढीव भाड्याची कॅब करावी लागते.